आधी पोहोचतं हेरॉइन, मागे उरतं मॉर्फिन

२४ जून १९९८. मँचेस्टरजवळच्या हाइड या गावात कॅथलीन ग्रंडी या ८१ वर्षांच्या माजी महापौर घरातल्या सोफ्यावर मृतावस्थेत सापडल्या. अंगावर नीटनेटका पोशाख होता आणि झटापटीची कुठलीच खूण नव्हती. त्याच सकाळी त्यांचे फॅमिली डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन घरी येऊन गेले होते. मृत्यूच्या दाखल्यावर याच डॉक्टरांनी कारण लिहिलं: वार्धक्य. पुढे मृत्युपत्र बनावट असल्याचा संशय मुलीला आला, तिने पोलीस गाठले आणि ऑगस्टमध्ये दफन केलेलं शव पुन्हा बाहेर काढण्यात आलं. तपासणीत मांडीच्या स्नायूत जीवघेण्या प्रमाणात मॉर्फिन निघालं.

शिपमन मात्र आपल्या रुग्णांना डायमॉर्फिन टोचत असे. डायमॉर्फिन म्हणजेच हेरॉइन. ब्रिटनमध्ये तीव्र वेदनांवर हे औषध डॉक्टर आजही कायदेशीरपणे वापरतात. २००० साली १५ खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली आणि नंतरच्या सरकारी चौकशीने बळींचा आकडा २१५ वर नेला. शिरेतून दिलेल्या डायमॉर्फिनच्या मोठ्या डोसाने माणूस काही मिनिटांत, बसल्या जागी जाऊ शकतो, हे त्या चौकशीतून पुन्हा पुन्हा समोर आलं.

इथे एक कोडं आहे. हेरॉइन शरीरात गेलं की त्याचं मॉर्फिन होतं. प्रेतात मॉर्फिन सापडलं तर ते मॉर्फिन म्हणूनच दिलं होतं की हेरॉइन म्हणून, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. मग शेवटी दोन्ही एकच होणार असतील, तर हेरॉइनचा परिणाम मॉर्फिनच्या आधी कसा होतो? उलट ज्याला वाटेत आपलं रूप बदलावं लागतं, त्याला उशीर व्हायला हवा. शिवाय वजनाचा हिशेबही हेरॉइनच्या विरोधात जातो. हेरॉइनचा रेणू मॉर्फिनपेक्षा जड असतो. त्यामुळे १० मिलिग्रॅम शुद्ध हेरॉइनचं सगळंच्या सगळं मॉर्फिन झालं, तरी हाती येतं ७.७ मिलिग्रॅम. तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी कर्करोगाच्या रुग्णांना दोन्ही औषधं स्नायूत टोचून पाहिली, तेव्हा हेरॉइन मॉर्फिनच्या साधारण दुप्पट प्रभावी ठरलं आणि त्याचा गुणही लवकर आला.

कोड्याचं उत्तर मॉर्फिनच्या रेणूच्या दोन टोकांपाशी आहे. अफूच्या बोंडातून पाझरणाऱ्या चिकात जी रसायनं असतात, त्यांत मॉर्फिन मुख्य. त्याच्या रेणूवर दोन ठिकाणी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी लटकलेली असते. रसायनशास्त्रात तिला हायड्रॉक्सिल गट म्हणतात. एक जोडी तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर, दुसरी सहाव्या क्रमांकाच्या. हे गट मॉर्फिनचे दोन हात आहेत असं समजू, आणि या हातांना पाण्याचं भारी वेड. रक्त म्हणजे मुख्यतः पाणीच. त्यामुळे रक्तात मॉर्फिन पाण्याचे हात धरूनच फिरतं.

१८७४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात सी. आर. ऑल्डर राइट या रसायनशास्त्रज्ञाने या दोन्ही हातांवर ॲसिटिल नावाचा छोटा गट चढवला. म्हणजे दोन्ही हात झाकले गेले. तयार झालं ते डायॲसिटिलमॉर्फिन. राइटचा प्रयोग पुढची तेवीस वर्षं कागदावरच राहिला. १८९७ साली जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने तोच पदार्थ पुन्हा बनवला. ॲस्पिरिनशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तोच हा हॉफमन. पुढच्याच वर्षी कंपनीने ‘हेरॉइन’ या व्यापारी नावाने तो बाजारात आणला, मुख्यतः खोकल्यावरचं औषध म्हणून. क्षय आणि न्यूमोनियाने लोक खोकून खोकून मरत होते, त्या काळातली ही गोष्ट.

हात झाकल्याने नेमकं काय बदललं, हे कळायला मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे पाहावं लागतं.

शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या भिंतींना बारीक फटी असतात. रक्तातली औषधं त्यांतून पाझरून सहज बाहेर पडतात. मेंदूत तशी सोय नाही. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की मध्ये फटच उरत नाही. यालाच ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. मेंदूला ग्लुकोज आणि अमिनो आम्लं लागतात, तेव्हा त्यांच्यासाठी पेशींच्या पडद्यात खास वाहक प्रथिनं बसवलेली आहेत. बाकी कुणाला आत जायचं असेल, तर थेट पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं, आणि हा पडदा स्निग्ध पदार्थांचा असतो. तेलात पाणी मिसळत नाही. मग पाण्याला धरून राहणाऱ्या रेणूला हा पडदा ओलांडताना आधी पाण्याचे हात सोडावे लागतात, आणि ते त्याला जड जातं. मॉर्फिन नेमकं इथेच अडतं. ते मेंदूत जातच नाही असं नाही, नाहीतर त्याने वेदना थांबल्याच नसत्या. पण ते जातं थेंबाथेंबाने. शिवाय जे थोडं आत शिरतं, त्यातलं काही पडद्यातली एक पंपासारखी यंत्रणा परत रक्तात ढकलून देते. त्यामुळे शिरेतून मॉर्फिन दिलं, तरी त्याचा पुरता परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. औषध तर काही सेकंदांतच रक्तात मिसळलेलं असतं. उरलेला वेळ जातो दारात.

हा फरक कुणीतरी मोजायला हवा होता. ते काम केलं लॉस एंजेलिसच्या विल्यम ओल्डनडॉर्फ यांनी. सीटी स्कॅनची मूळ कल्पना ज्यांनी फार आधी, १९६० च्या सुमारास, स्वतःच्या हाताने बनवलेल्या यंत्रावर दाखवली, तेच हे मेंदूतज्ज्ञ. त्यांच्या गटाने उंदरांच्या मानेतल्या धमनीत किरणोत्सारी खूण लावलेली औषधं टोचली. ही धमनी थेट मेंदूकडे जाते, त्यामुळे औषध शरीरभर पसरण्याआधी एकदा मेंदूतून वाहत जातं. पंधरा सेकंदांनी प्रयोग थांबवून मेंदूत किती खूण उरली हे पाहिलं, आणि मेंदूत बिनअडथळा शिरणाऱ्या एका पदार्थाशी त्याची तुलना केली. म्हणजे प्रश्न साधा होता: एका फेरीत, पंधरा सेकंदांत, किती औषध पडदा ओलांडून आत गेलं?

निकाल १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मॉर्फिनचा आकडा मोजता येण्याइतकाही नव्हता. कोडीनचा होता २४ टक्के. हेरॉइनचा ६८ टक्के.

या तीन आकड्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. कोडीन म्हणजे मॉर्फिनच, फक्त त्याचा एक हात मिथिल या गटाने झाकलेला. दोन्ही हात उघडे, तर पंधरा सेकंदांत जवळपास काहीच आत जात नाही. एक झाकला की चौथ्या हिश्श्याच्या आसपास जातं. दोन्ही झाकले की दोन तृतीयांश. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त मेंदूकडे जातं, तेही दर मिनिटाला. त्या प्रत्येक फेरीत आलेल्या हेरॉइनचा मोठा भाग मेंदू उचलून घेतो. त्यामुळे शिरेतून घेतलेलं हेरॉइन काही सेकंदांत जाणवतं, आणि व्यसनी माणसं ज्या झटक्याच्या मागे लागतात तो याच क्षणांत येतो.

इथवर प्रश्न अर्धाच सुटतो. हेरॉइन आत लवकर पोहोचलं, पण आत जाऊन ते करतं काय? मेंदूत वेदना, सुख आणि श्वास यांच्याशी संबंधित पेशींवर ‘म्यू’ नावाचे ओपिऑइड रिसेप्टर असतात. मॉर्फिन त्यांना घट्ट बिलगतं, आणि त्यासाठी त्याला तिसऱ्या कार्बनवरचा हात मोकळाच हवा. हेरॉइनचा तोच हात झाकलेला. त्यामुळे रिसेप्टरवर स्वतः हेरॉइनची पकड कच्ची असते. ज्या आवरणामुळे दार उघडलं, ते आवरण आत गेल्यावर आड येतं.

शरीर ते आवरण काढून टाकतं, पण दोन्ही हातांवरचं एकदम नाही. तिसऱ्या कार्बनवरचा ॲसिटिल गट तकलादू जोडणीचा असतो. रक्तातली, यकृतातली आणि मेंदूतलीसुद्धा एन्झाइम्स तो पटकन तोडतात. रक्तातलं निम्मं हेरॉइन अवघ्या तीन-चार मिनिटांत असं बदलून जातं. राहतं ते एकच हात झाकलेलं रूप. त्याचं पूर्ण नाव सहा-मोनोॲसिटिलमॉर्फिन. प्रयोगशाळेतली माणसं त्याला सिक्स-मॅम म्हणतात. सहाव्या कार्बनवरचा गट जास्त चिवट असतो, तो निघायला आणखी काही मिनिटं ते अर्धा तास लागतो. तो निघाला की उरतं मॉर्फिन, आणि ते मात्र तासन् तास रेंगाळतं. रक्तातलं निम्मं मॉर्फिन जायला दोन-तीन तास लागतात.

म्हणजे ‘हेरॉइनचं मॉर्फिन होतं’ हे वाक्य खरं असलं तरी त्यात मधला टप्पा गाळलेला आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. सिक्स-मॅमचा रिसेप्टरला धरणारा हात मोकळा असतो आणि दुसरा झाकलेला. त्यामुळे ते रिसेप्टरला मॉर्फिनइतकंच चांगलं चिकटतं आणि पडदाही मॉर्फिनपेक्षा कितीतरी सहज ओलांडतं. हेरॉइन रक्तातच फुटलं, तरी काही बिघडत नाही. त्यातून निघालेलं सिक्स-मॅमही भराभर मेंदूत शिरतं. आत फुटलं तर आहे तिथेच कामाला लागतं. सॅन फ्रान्सिस्कोतले औषधशास्त्रज्ञ ई. लिआँग वे यांनी १९६० सालीच सुचवलं होतं की हेरॉइनच्या परिणामाचा वेग समजून घ्यायचा, तर त्याच्या रूपांतराचा वेग पाहायला हवा.

याचा नेमका पुरावा मात्र बराच उशिरा आला. नॉर्वेतल्या संशोधकांनी फक्त सिक्स-मॅमला ओळखून पकडणारी अँटिबॉडी तयार केली. अँटिबॉडी म्हणजे मोठं प्रथिन, ते रक्तातच राहतं. तिने सिक्स-मॅमला रक्तात धरून ठेवलं, तर ते मेंदूपर्यंत जाणार नाही. हेरॉइन दिलेले उंदीर एरवी वेड्यासारखे धावत सुटतात. आधी ही अँटिबॉडी दिलेल्या उंदरांच्या मेंदूत सिक्स-मॅम कमी सापडलं आणि त्यांची धावपळही ओसरली. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या काही मिनिटांतला परिणाम मुख्यतः या मधल्या रूपाचा, आणि नंतरचा रेंगाळणारा मॉर्फिनचा, अशी ही वाटणी आहे.

वेग हा हेरॉइनचा अंगभूत गुण असता, तर ते कसंही घेतलं तरी लवकर लागू पडायला हवं होतं. तसं होत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांवर केलेली पाहणी १९८४ साली प्रसिद्ध केली. शिरेतून दिलेलं हेरॉइन रक्तात तिन्ही रूपांत सापडलं: हेरॉइन, सिक्स-मॅम आणि मॉर्फिन. तेच तोंडाने दिल्यावर रक्तात फक्त मॉर्फिन सापडलं. कारण गिळलेलं औषध आतड्यातून आधी यकृतात जातं, आणि यकृताने दोन्ही आवरणं तिथेच काढून घेतलेली असतात. मेंदूच्या दाराशी पोहोचतं ते साधं मॉर्फिन, तेही गोळी म्हणून दिलेल्या मॉर्फिनपेक्षा कमी कार्यक्षमतेने तयार झालेलं.

लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये हे रुग्णांच्या खाटेपाशी आधीच दिसून आलं होतं. मरणाच्या दारातल्या कर्करोग्यांना तिथे तोंडाने डायमॉर्फिन देत असत, आणि ते मॉर्फिनपेक्षा सरस आहे असा अनेक डॉक्टरांचा ठाम विश्वास होता. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी शेकडो रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना केली. कोणत्या बाटलीत काय आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. डोस नीट जुळवून दिले, तर दोहोंत वेदनाशमनाचा काही फरक उरत नाही, असं १९७७ साली त्यांनी मांडलं. पोटात घ्यायचं औषध म्हणून मग मॉर्फिनच रूढ झालं. ब्रिटनने इंजेक्शनसाठी डायमॉर्फिन ठेवलं, पण त्याचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. त्याचा क्षार पाण्यात फार छान विरघळतो. खंगलेल्या रुग्णाच्या कातडीखाली मोठा डोस अगदी थोड्या द्रवात देता येतो.

नाकाची वाट यकृताला वळसा घालते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाडं मोडून आलेल्या ४०४ मुलांवरचा अभ्यास आला. काहींच्या नाकात डायमॉर्फिनचा फवारा मारला, काहींना मॉर्फिनचं इंजेक्शन स्नायूत दिलं. पाच, दहा आणि वीस मिनिटांनी विचारलं, तेव्हा फवारा घेतलेल्या मुलांचं दुखणं कमी होतं. अर्ध्या तासाने दोन्ही गट सारखेच झाले. यात औषध आणि वाट दोन्ही बदललेली आहेत, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या रेणूला देता येत नाही. पण चित्र ओळखीचं आहे: फरक सुरुवातीच्या मिनिटांत, नंतर बरोबरी.

नेमकी हीच मिनिटं व्यसनाच्या मुळाशी असतात. १९८० च्या दशकात मुंबईत ‘गर्द’ या नावाने पसरलेलं ब्राउन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइनच. ते चांदीवर ठेवून खालून तापवायचं आणि नळीने धूर ओढायचा, ही तिथली रीत. फुप्फुसातून निघालेलं रक्त हृदयातून सरळ मेंदूकडे जातं, यकृत वाटेत येतच नाही. म्हणून सुईशिवायही झटका काही सेकंदांत येतो. कृती आणि सुख यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी मेंदू त्या दोहोंची गाठ घट्ट बांधतो. झटका ओसरतो तोही लवकर, आणि सवय जडलेल्या शरीराला काही तासांतच पुढच्या पुडीची ओढ लागते. श्वासाचा ताल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या केंद्रावरही हेच रिसेप्टर असतात. डोस जास्त झाला, तर श्वास मंदावायलाही तेवढाच थोडा वेळ लागतो. उतारा म्हणून दिलं जाणारं नॅलोक्सोन हे औषध त्याच रिसेप्टरवरून या सगळ्यांना बाजूला सारतं, पण तोवर कुणीतरी जवळ असावं लागतं.

मधलं रूप आणखी एका ठिकाणी कामाला येतं, लघवीच्या तपासणीत. अफूच्या बोंडातलं बी म्हणजेच आपली खसखस. तिच्यावर मॉर्फिनचा अंश राहिलेला असू शकतो, आणि ती भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. मॉर्फिनच्या गोळ्या घेणाऱ्या कर्करोग्याच्या लघवीतही ते दिसणारच. पण सिक्स-मॅम ना खसखशीत असतं, ना मॉर्फिनच्या गोळीतून तयार होतं. ते सापडलं तर हेरॉइन घेतलं होतं हे नक्की. अडचण एवढीच की ते टिकत नाही. घेतल्यापासून काही तासांतच, फार तर दिवसभरात, लघवीतून नाहीसं होतं. नमुना उशिरा घेतला, तर चाचणी फक्त मॉर्फिन दाखवते, आणि सिक्स-मॅम सापडलं नाही म्हणजे हेरॉइन घेतलंच नव्हतं असं त्यावरून म्हणता येत नाही.

उपचारातही रेणूपेक्षा वाट किती महत्त्वाची आहे, हे ब्युप्रेनॉर्फिन दाखवतं. भारतात सुईने नशा करणाऱ्यांना सरकारी केंद्रांवर हेच औषध देतात. ते चरबीत चांगलंच विरघळतं आणि त्याच म्यू रिसेप्टरला मॉर्फिनपेक्षाही घट्ट धरतं. फक्त तो रिसेप्टर ते अर्धवटच चालू करतं. जिभेखाली ठेवलेली गोळी तोंडाच्या अस्तरातून हळूहळू रक्तात उतरते, परिणाम सावकाश चढतो आणि दिवसभर टिकतो, त्यामुळे झटका येत नाही आणि शरीर तळमळतही नाही. तीच गोळी कुटून शिरेत टोचली, तर हे सावकाशपण राहत नाही, आणि असा गैरवापर होतोही. म्हणून केंद्रावरचा कर्मचारी सहसा गोळी आपल्यासमोरच घ्यायला लावतो. ती जिभेखाली पुरती विरघळेपर्यंत माणसाला आपल्यासमोर बसवून ठेवतो आणि मगच जाऊ देतो.